ग्राहकांची यादी नसलेल्या अनुवादकाने स्वतःविषयी काय लिहावं?

अनुवाद मागवणाऱ्याला हाती आलेलं काम बरोबर आहे की नाही, हे स्वतःला तपासता येत नाही. दोन्ही भाषा येत असत्या तर त्याने अनुवादक शोधलाच नसता. न्यू जर्सीत वाढलेल्या एखाद्या मुलीला साताऱ्याजवळच्या गावातल्या आजोबांच्या जमिनीचे कागद तिथल्या वकिलासमोर इंग्रजीत ठेवायचे आहेत. सातबाऱ्यावरची एक ओळही तिला वाचता येत नाही, वकिलाला तर नाहीच नाही. अनुवाद मिळाला की तो बरोबर आहे असं धरूनच दोघांना पुढे जावं लागतं. म्हणून पैसे पाठवण्याआधी ती माणसाची पारख करते, आणि त्यासाठी तिच्यापुढे बहुतेक वेळा एकच गोष्ट असते: अनुवादकाने स्वतःच्या परिचयाचं लिहिलेलं पान.

स्वतंत्रपणे काम सुरू केलेल्या बहुतेकांना हे पान लिहिताना एकाच गोष्टीची लाज वाटते. दाखवायला मोठ्या ग्राहकांची नावं नाहीत. माझ्या मते ही भीती अनाठायी आहे. या धंद्यात जुन्याजाणत्यांनाही कितीतरी नावं देता येत नाहीत, कारण कंपन्या गोपनीयतेच्या करारावर सही घेतात आणि एजन्सीमार्फत आलेलं काम एजन्सीच्या ग्राहकाचं असतं. घरगुती कागद घेऊन येणाऱ्या माणसाचं नाव तर छापूच नये. शिवाय यादीतून कळतं ते एवढंच, की अमुक कंपनीने कधीतरी काहीतरी काम दिलं. ते काम कसं झालं, पुन्हा दिलं का, यातलं काहीच त्या नावातून कळत नाही. वाचणाऱ्याला हवा असतो त्याच्या कागदाबद्दलचा पुरावा, आणि तो यादीशिवायही देता येतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. समजा, साताऱ्यात एक बाई आहेत. एका दिवाणी वकिलांच्या कार्यालयात त्यांनी ११ वर्षं नोकरी केली. जमिनीच्या व्यवहाराआधी मागच्या ३० वर्षांचे कागद तपासून सर्च रिपोर्ट तयार करतात, त्यासाठी लागणारे सातबारे, फेरफार, खरेदीखतं, वाटणीपत्रं गोळा करून लावायचं काम त्यांच्याकडे होतं. आता नोकरी सोडून त्या घरून मराठी-इंग्रजी अनुवाद करतात. आतापर्यंत चारदोन कामं झाली, तीही ओळखीतून. परिचयाचा त्यांचा पहिला मसुदा असा आहे: "मी एक अनुभवी आणि व्यावसायिक अनुवादक असून मराठी, हिंदी व इंग्रजीवर माझं उत्तम प्रभुत्व आहे. कायदा, वैद्यक, तंत्रज्ञान, पर्यटन, साहित्य अशा सर्व क्षेत्रांतील दर्जेदार, अचूक व वेळेत अनुवाद आमची टीम वाजवी दरात करून देते."

यात खोटं असं फारसं नाही, पण तपासता येईल असंही काही नाही. असा मसुदा जोखायची एक साधी रीत आहे. प्रत्येक वाक्याच्या वर दुसऱ्या कुठल्याही अनुवादकाचं नाव घालून पाहायचं. वाक्य तसंच्या तसं चालत असेल तर ते काढून टाकायचं. या मसुद्यातलं एकही वाक्य त्यातून वाचत नाही. "सर्व क्षेत्रांतील" हे शब्द तर नुकसानच करतात, कारण कर्करोगाच्या औषधाचं माहितीपत्रक आणि वाटणीपत्र सारख्याच सफाईने करणारा माणूस जवळपास नसतोच, आणि एजन्सीत रोज अनुवादक निवडणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक असतं. "आमची टीम" हेही तसंच. बाई एकट्या आहेत. फोनवर दोन प्रश्न विचारले की ते उघड होतं, आणि एक गोष्ट फुगवून सांगितली हे कळलं की बाकीच्यांवरचाही विश्वास जातो.

आणि ११ वर्षं जमिनीचे कागद वाचले, ही बाईंची सगळ्यात मोठी जमेची बाजू मसुद्यात आलेलीच नाही! त्यांना वाटलं, ती तर नोकरी होती, अनुवाद नव्हता. पण ग्राहकाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचं आहे. अनुवाद सेवांसाठी २०१५ साली आलेलं आयएसओ १७१०० हे आंतरराष्ट्रीय मानकही अनुवादाची पदवी हाच एकमेव रस्ता मानत नाही. दुसऱ्या विषयाची पदवी आणि अनुवादाचा दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव, किंवा पदवी नसल्यास पाच वर्षांचा पूर्णवेळ अनुभव, असेही रस्ते त्यात आहेत. आपल्या बाईंकडे एवढा अनुवादाचा अनुभव अजून नाही, तेव्हा त्यांनी या मानकाचं नाव घेऊ नये. पण विषयाची माहिती हा त्यांचा खरा आधार आहे आणि तो पहिल्याच वाक्यात यायला हवा. "साताऱ्यातल्या दिवाणी वकिलांच्या कार्यालयात ११ वर्षं मी सातबारे, फेरफार आणि खरेदीखतं तपासायचं काम केलं, आता त्याच कागदांचा इंग्रजीत अनुवाद करते." या वाक्यावर दुसऱ्या कोणाचं नाव चिकटत नाही.

यानंतरची गोष्ट सगळ्यात मोलाची. ती म्हणजे नमुना. पुष्कळजण नमुना म्हणून एखादी कविता किंवा वर्तमानपत्रातला लेख अनुवादित करून ठेवतात. जमिनीचे कागद घेऊन आलेल्याला त्याचा उपयोग नाही. त्याला त्याच्याच जातीचा कागद दिसला पाहिजे आणि अनुवाद करताना कुठे काय ठरवावं लागलं, तेही दिसलं पाहिजे. कारण नुसता इंग्रजी मजकूर पाहून त्याला बरंवाईट कळणार नाही, पण नीट समजावून सांगितलेला निर्णय कोणालाही कळतो.

बाईंनी अर्धा पान जुना हाती लिहिलेला सातबारा नमुन्यासाठी घेतला, असं धरू. त्यात भोगवटादाराच्या नावापुढे "ए. कु. मॅ." अशी अक्षरं आहेत. सवय नसलेल्याला ती नावाची आद्याक्षरं वाटू शकतात आणि अनुवादात ती तशीच नावाला जोडली जातात, किंवा निरुपयोगी समजून गाळली जातात. खरं तर ते "एकत्र कुटुंब मॅनेजर" याचं संक्षिप्त रूप आहे. जमीन एकट्या आजोबांची म्हणून नव्हे, तर एकत्र कुटुंबाचे कर्ते म्हणून त्यांच्या नावावर लागली होती, असं ती तीन अक्षरं सांगतात. आजोबांच्या भावंडांच्या आणि त्यांच्या वारसांच्या हक्काचा प्रश्न त्यातून उभा राहू शकतो. ती अक्षरं इंग्रजीत आली नाहीत तर न्यू जर्सीच्या वकिलाला तो प्रश्न आहे हेच कळणार नाही.

त्याच पानावर एक नाव कंसात आहे. सातबाऱ्यावर एखाद्याचा हक्क संपला की त्याच्या नावाला कंस करतात आणि ज्या फेरफाराने तो संपला त्याचा क्रमांक शेजारी लिहितात. टाइप करताना तो कंस सुटला तर कागदावरून गेलेला माणूस अनुवादात पुन्हा जमिनीचा धनी होतो. बाईंनी इथे कंस तसाच ठेवला आणि खाली टीप दिली, की मूळ कागदावर हे नाव अमुक फेरफाराने कमी झालेलं आहे. तिसरी जागा क्षेत्राची. कागदावर ०.८१.०० असं आहे. हा दशांश अपूर्णांक नाही. हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे ते तीन आकडे आहेत. ८१ आर म्हणजे ८,१०० चौरस मीटर, साधारण दोन एकर. हाच आकडा ०.०८.१० असा असता तर जमीन ८१० चौरस मीटर झाली असती. म्हणून बाईंनी आकडा मूळ रूपात ठेवून शेजारी तिन्ही एककांची नावं लिहिली. एकराचं रूपांतर मात्र अनुवादाच्या मजकुरात न घालता टिपेत दिलं, कारण ते मूळ कागदावर नाही.

शेजारी-शेजारी दोन रकाने, एकात मूळ, दुसऱ्यात अनुवाद, आणि खाली या तीन टिपा. एवढा नमुना पुरतो. तो वाचून न्यू जर्सीच्या मुलीला सातबारा कळेल असं नाही. पण या बाईंना तो कळतो आणि ज्या जागी इतरांचा घोटाळा होतो तिथे त्या थांबतात, हे तिला दिसतं. वीस कंपन्यांच्या नावांनी हे दिसलं नसतं.

नमुन्यासाठी कागद कुठून आणायचा हा प्रश्न नाजूक आहे. ग्राहकाचा कागद नाव पुसूनही वापरू नये, त्याने लेखी होकार दिला असेल तरच वापरावा. घरचा कागद घ्यावा, किंवा कोऱ्या नमुन्यात काल्पनिक नावं, गाव आणि गट क्रमांक भरावेत आणि ते काल्पनिक आहेत असं पानावर स्पष्ट लिहावं. घरचा कागद घेतला तरी नावं झाकावीत. इथे एक चूक वारंवार होते: पीडीएफमध्ये नावावर काळा चौकोन काढतात आणि काम झालं असं समजतात. त्या चौकोनाखालचा मजकूर पुष्कळदा तसाच शाबूत असतो. माउसने निवडून दुसरीकडे चिकटवला की नाव वाचता येतं. म्हणून झाकलेला कागद छापून पुन्हा स्कॅन करावा, किंवा त्याचं चित्र करून तेच ठेवावं, आणि फाइलच्या नावात कोणाचं आडनाव राहिलं नाही ना हे पाहावं. मूळ कागदाचा फोटो मोबाइलवर काढला असेल तर कडेला दुसरे कागदही आलेले असतात, तेही तपासावं. आपले कागद घेऊन येणारा माणूस नमुना पाहताना, उद्या माझा कागद असाच कुठे दिसेल का, हाही विचार करतो.

आता "प्रमाणित अनुवादक" या शब्दांविषयी. जर्मनीत न्यायालयं अनुवादकांना शपथ देऊन नेमतात आणि त्यांच्या शिक्क्याला कायद्याने वजन असतं. आपल्याकडे खाजगी कामासाठी अशी देशव्यापी व्यवस्था नाही. त्यामुळे "सरकारमान्य" किंवा "प्रमाणित" असं स्वतःला म्हणवून घेताना, कोणी प्रमाणित केलं या प्रश्नाचं उत्तर तयार हवं. उत्तर नसेल तर ते शब्द नकोत. त्याऐवजी आपण नक्की काय देणार ते लिहावं. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचा नियम यासाठी चांगला नमुना आहे. परभाषेतल्या कागदासोबत पूर्ण इंग्रजी अनुवाद हवा, आणि अनुवाद पूर्ण व अचूक आहे व त्या भाषेतून इंग्रजीत अनुवाद करायला मी सक्षम आहे, असं अनुवादकाने लिहून द्यावं, एवढंच तो नियम मागतो. जन्माचे, मृत्यूचे, विवाहाचे दाखले तिकडे पाठवणाऱ्यांना हे कळलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो. नोटरीबद्दलही खरं ते सांगावं. नोटरी अनुवादकाची सही किंवा प्रतिज्ञापत्र साक्षांकित करतो, अनुवाद बरोबर असल्याची ग्वाही देत नाही. आणि प्रत्येक कार्यालयाची मागणी वेगळी असते, तेव्हा "कागद जिथे द्यायचा आहे त्यांना आधी विचारा, मग मला सांगा" हे वाक्य पानावर असावं. त्याने एखादं काम हातचं जाईल, पण ते काम तसंही परत आलं असतं.

काम कसं करता, हेही लिहावं, पण नेमकं. "अचूकतेची हमी" या शब्दांनी काही सिद्ध होत नाही. बाई असं लिहू शकतात: नावांचं स्पेलिंग मी पासपोर्टप्रमाणे घेते, म्हणून कामाआधी पासपोर्टवरचं स्पेलिंग कळवा. वैद्य आडनाव व्ही ने लिहायचं की डब्ल्यू ने, हे अनुवादकाने मनाने ठरवलं आणि पासपोर्टशी जुळलं नाही, तर अख्खा अनुवाद चांगला असूनही कागद परत येतो. तसंच आकडे, तारखा आणि नावं एकजण मूळ कागदावरून मोठ्याने वाचते आणि दुसरी अनुवादाशी ताडून पाहते, ही रीत त्यांनी वकिलांच्या कार्यालयात शिकलेली आहे. ती दुसरी व्यक्ती कोण आणि ती कागद गुप्त ठेवेल का, हे सांगावं. आयएसओच्या त्या मानकात अनुवाद दुसऱ्या पात्र व्यक्तीने मुळाशी ताडून तपासलाच पाहिजे अशी अट आहे. आकडे वाचून घेणं म्हणजे ती तपासणी नव्हे, म्हणून दोन्ही गोष्टी एक असल्यासारखं लिहू नये.

माझ्या मते या पानावरचं सगळ्यात विश्वास बसवणारं वाक्य नकाराचं असतं. मोडी लिपी मला वाचता येत नाही. वैद्यकीय कागद मी घेत नाही. जमिनीवर कोणाचा हक्क आहे यावर मी मत देत नाही, ते वकिलाचं काम आहे. पुसट, अर्धा कापलेला फोटो आला तर जे वाचता येत नाही तिथे "अवाच्य" असं लिहीन, अंदाज करणार नाही. नवख्या माणसाला वाटतं, नकार लिहिला तर काम जाईल. होतं उलटं. जो माणूस काय येत नाही ते आपणहून सांगतो, त्याचं "हे येतं" वाचणारा खरं मानतो. जुन्या कागदांत मोडीतलं पान निघालंच, तर मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडून आधी देवनागरी लिप्यंतर करून घ्या, मग मी इंग्रजी करते, असा रस्ताही बाई दाखवू शकतात.

अभिप्रायांबद्दल थोडक्यात. "खूप छान काम, नक्की शिफारस करेन" असे दहा अभिप्राय असले तरी हाती काही लागत नाही. चार कामं झाली असतील तर त्यातल्या एका ग्राहकाला, कागद त्या कार्यालयात स्वीकारला गेल्यानंतर, तीन गोष्टी विचाराव्यात: कागद कोणता होता, अडचण काय होती, ती कशी सुटली. उत्तर त्याच्याच शब्दांत, परवानगी घेऊन, नावाऐवजी गाव किंवा देश घालून छापावं. जुन्या वकीलसाहेबांनी, या बाई आमच्याकडे अमुक वर्षं अमुक काम करत होत्या, असं दोन ओळींचं पत्र दिलं तर ते त्याहून मोलाचं.

हे सगळं एकत्र केल्यावर बाईंचं पान साधारण असं होतं:

"साताऱ्यातल्या दिवाणी वकिलांच्या कार्यालयात ११ वर्षं मी सातबारे, फेरफार, खरेदीखतं आणि वाटणीपत्रं तपासायचं काम केलं. आता याच कागदांचा आणि जन्म, मृत्यू व विवाहाच्या दाखल्यांचा मराठीतून इंग्रजीत अनुवाद करते. माझं काम कसं असतं हे पाहण्यासाठी खाली एक सातबारा अनुवाद आणि टिपांसह दिला आहे. त्यातली नावं आणि गट क्रमांक काल्पनिक आहेत. मी एकटी काम करते. आकडे, तारखा आणि नावं मात्र दुसऱ्या व्यक्तीसोबत मुळावरून वाचून ताडते. तिने गोपनीयतेचं लेखी वचन दिलेलं आहे. प्रत्येक अनुवादासोबत तो पूर्ण व अचूक असल्याचं सही केलेलं निवेदन देते. कागद ज्या कार्यालयात द्यायचा आहे, त्यांची मागणी कृपया आधी विचारून घ्या. मोडी, वैद्यकीय आणि तांत्रिक कागद मी घेत नाही, कायद्याचा सल्ला देत नाही. माझी चूक निघाली तर दुरुस्त अनुवाद आणि नवं निवेदन विनामूल्य देते. काम पूर्ण झाल्यावर ३० दिवसांनी तुमचे कागद माझ्याकडून पुसले जातात."

खाली पूर्ण नाव, गाव, फोन आणि फोनवर भेटण्याची वेळ. पहिल्या मसुद्यातली विशेषणं सगळी गेली आणि यादीची उणीवही कुठे जाणवत नाही. हे पान इंग्रजीतही हवं, आणि ते इंग्रजी बाईंनी आपल्या नेहमीच्या कामाइतक्याच काळजीने लिहून दुसऱ्याकडून वाचून घ्यायला हवं, कारण ग्राहकाला स्वतःला जोखता येईल असा त्यांच्या इंग्रजीचा नमुना तेवढाच आहे. त्यात स्पेलिंगची एक चूक राहिली तर वरच्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं. आणि लिहिलेलं प्रत्येक वचन पाळता आलं पाहिजे: ३० दिवसांनी फाइली पुसायच्या तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो आणि मेलमधल्या प्रतीही पुसाव्या लागतात. जमणार नसेल तर ते वाक्य लिहू नये.

पान नीट लागलं आहे की नाही, हे येणाऱ्या चौकशीवरून कळतं. आधी पहिला प्रश्न असतो "एका पानाचा दर काय?" पुढे "माझ्या फेरफारात तीन वारस आहेत आणि एक नाव कंसात आहे, तेही करता का?" असे प्रश्न येऊ लागले, म्हणजे वाचणाऱ्याने नमुना पाहिला आणि स्वतःचा कागद काढून ताडला. दराची घासाघीस करणारे थोडे कमी होतात, तेही चांगलंच.

ज्यांना हे पान लिहायचं आहे त्यांना एकच विनंती. परिचयाच्या वाक्यांवर आठवडे घालवण्याआधी तुमच्या विषयातला एक अवघड कागद निवडा, त्याचं अर्धं पान अनुवादित करा आणि कुठे का थांबलात ते तीन टिपांत लिहा. तो नमुना तयार असेल तर बाकीचं पान एका दुपारी लिहून होतं.